बारा टक्क्यांचा आगाऊ कॉल आणि दोनदा खर्च होणारी एफडी

प्रश्न : माझ्याकडे इथल्याच एका खासगी कंपनीचे 6,000 शेअर्स आहेत. दर्शनी किंमत 100 रुपये, पण एजंटने मला ते 50 रुपयांत, म्हणजे निम्म्या भावात मिळवून दिले. उरलेले 50 द्यावेच लागतात असं नाही, असं तो म्हणाला होता. आता कंपनीचं पत्र आलंय : 1 ऑक्टोबरला 25 आणि पुढच्या 1 एप्रिलला 25 रुपयांचा कॉल, म्हणजे उरलेल्या रकमेची मागणी, येणार. सगळे पैसे आत्ताच आगाऊ भरले तर ‘12 टक्क्यांपर्यंत’ व्याज, हवे तेव्हा परतही मिळतात, असं एजंट सांगतो. माझी 3 लाखांची एफडी 7 टक्क्यांनी आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवलीय, फी ऑगस्टमध्ये भरायचीय. महिन्याला 15 हजार शिल्लक पडतात. ती एफडी मोडून वर्षाला 36 हजार व्याज घ्यावं का? एजंटकडे आणखी 4,000 शेअर्स याच भावात आहेत, तेही घेऊ का? – इचलकरंजी

उत्तर : ते 4,000 शेअर्स घेऊ नका. हे आधी, कारण व्याजाचा हिशेब त्यानंतरचा आहे.

तुम्हाला निम्म्या भावात काहीही मिळालेलं नाही. तुम्ही 100 रुपयांचा शेअर 100 रुपयांनाच घेतलात, त्यातले 50 भरलेत आणि 50 देणं लागता. शेअर सर्टिफिकेट काढून बघा, त्यावर प्रत्येक शेअरवर किती रक्कम भरली आहे ते छापलेलं असतं. 6,000 शेअर्सवर तुमचं देणं 3 लाख रुपये आहे. द्यावंच लागत नाही, असं सांगून ज्याने शेअर्स विकले, त्याचं कमिशन कधीच खिशात गेलंय.

कॉल भरला नाही तर काय होतं? बहुतेक कंपन्यांचे आर्टिकल्स, म्हणजे अंतर्गत नियमावली, कंपनी कायद्यातल्या टेबल एफ या नमुन्यावर बेतलेले असतात. त्यानुसार थकलेल्या कॉलवर 10 टक्क्यांपर्यंत व्याज लागतं. मग किमान 14 दिवसांची नोटीस येते, तरीही भरणा झाला नाही तर संचालक मंडळ शेअर्स जप्त करू शकतं. भरलेले 3 लाख जातात आणि जप्तीच्या दिवसापर्यंत थकलेला कॉल त्यानंतरही तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. कंपनी बुडाली तरी सुटका नाही. कंपनी गुंडाळून तिची देणी भागवणारा लिक्विडेटर न भरलेले 50 रुपये मागतो, ते देणेकऱ्यांसाठी असतात.

आता खरी अडचण. एफडी एकच आहे आणि तुम्ही ती दोनदा खर्च करताय. ऑगस्टमध्ये ती फीला गेली, तर ऑक्टोबरचे दीड लाख कुठून आणणार? शिल्लक धरा : एप्रिलपासून सप्टेंबरअखेर 90 हजार, पुढच्या मार्चअखेर एकूण 1 लाख 80 हजार. देणं 3 लाख. खड्डा 1 लाख 20 हजारांचा.

तो बुजवायला माझ्या मते एकच सरळ वाट आहे : 2,400 शेअर्स आत्ताच विका. प्रत्येक शेअरबरोबर 50 रुपयांचं देणं घेणाऱ्याकडे जातं, म्हणजे बरोबर 1 लाख 20 हजारांचं. उरलेल्या 3,600 शेअर्सवर दोन्ही कॉल 90-90 हजारांचे होतात आणि दोन्ही तुमच्या शिल्लकीतून भागतात. भाव चांगला मिळेल ही आशा सोडा. शेअरमागे 20 रुपये मिळाले तर 72 हजारांचा तोटा होईल, पण तो तुम्ही स्वतः ठरवलेला असेल. आधी प्रवर्तकांना आणि सध्याच्या भागधारकांना विचारा, कारण खासगी कंपनीत बाहेरच्याच्या नावावर शेअर करायला मंडळ नकार देऊ शकतं. अंशतः भरलेल्या शेअर्सच्या हस्तांतराचा अर्ज फक्त विकणाऱ्याने दिला तर कंपनी घेणाऱ्याला नोटीस पाठवून दोन आठवडे हरकतीची वाट बघते. तो वेळ ऑक्टोबरच्या आधीच धरा. आणि हस्तांतरानंतर वर्षभरात कंपनी गुंडाळली, नवा भागधारक पैसे देऊ शकला नाही, तर तुमच्या काळातल्या देण्यांपुरतं बोट तुमच्याकडे वळू शकतं. म्हणून कुणाला विकताय तेही बघा.

आता तुम्ही विचारलेलं. 36 हजार हा आकडाच चुकलाय. आगाऊ रकमेवर व्याज तो-तो कॉल देय होईपर्यंतच मिळतं. 1 एप्रिलला 3 लाख भरलेत, तर 1 ऑक्टोबरला त्यातले दीड लाख पहिल्या कॉलमध्ये वळते होतात आणि त्यांचं व्याज थांबतं. त्यांच्यावर सहा महिन्यांचे 9 हजार, उरलेल्या दीड लाखांवर वर्षाचे 18 हजार. एकूण 27 हजार. तेवढ्याच रकमा तेवढाच काळ 7 टक्क्यांनी ठेवल्या तरी 15,750 मिळतातच. फरक 11 हजारांचा. त्यातून कर जाईल आणि एफडी मुदतीआधी मोडल्याचा दंडही. तोही कंपनीने पूर्ण 12 टक्के दिले तर. टेबल एफमध्ये 12 टक्के ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष दर मंडळ आणि तुम्ही मिळून ठरवायचा असतो. एजंटच्या ‘पर्यंत’ या शब्दात 6 टक्केही बसतात.

‘हवे तेव्हा परत’ हे तर साफ खोटं. आगाऊ कॉल म्हणजे ठेव नव्हे, तो परत मागण्याचा हक्क तुम्हाला नाही. कॉल येईपर्यंत त्या रकमेवर मतदानाचा हक्क नाही आणि टेबल एफ लागू असेल तर लाभांशही नाही. एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवी : ठरलेलं व्याज नफा असो वा नसो, द्यावंच लागतं, लाभांशासारखं टाळता येत नाही. आणि आगाऊ भरलं म्हणून 3 लाख बुडतील, ही भीतीही अर्धवट आहे, कारण ते देणं तुमच्या डोक्यावर तसंही आहेच. आगाऊ भरू नका म्हणतो ते बुडण्याच्या भीतीने नाही, ऑगस्टमध्ये हातात पैसा लागेल म्हणून.

फी भरून झाल्यावर कुठून जास्तीचे पैसे आले आणि एप्रिलचा कॉल आधीच भरावासा वाटला, तर आधी आर्टिकल्स बघा. आगाऊ कॉल घेण्याची मुभा त्यात नसेल तर कंपनी तो घेऊच शकत नाही. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून ते वाचता येतात. व्याजाचा नेमका दर आणि ते कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हे लेखी घ्या. पैसे बँकेतून कंपनीच्याच खात्यात भरा, एजंटच्या हातात एक रुपयाही नको. पावतीवर फोलिओ क्रमांक आणि ‘कॉल्स इन ॲडव्हान्स’ हे शब्द हवेत. तिथे ‘शेअर ॲप्लिकेशन’ लिहिलं असेल तर तुमचे पैसे नव्या शेअर्सच्या अर्जाखाली गेले आणि जुना कॉल तसाच राहिला.

मग एप्रिलची कॉल नोटीस आली की तीन ओळी तपासा : मागणी 90 हजार, वजा आगाऊ जमा, देय शून्य. मधली ओळ नसेल तर त्याच दिवशी पावतीची प्रत जोडून कंपनीला लेखी कळवा. नाहीतर त्यांच्या वहीत तुम्ही थकबाकीदार दिसाल, व्याज चढू लागेल आणि पुढचं पत्र जप्तीच्या नोटिशीचं येईल.