लाँग केस: धाप, धडधड आणि सूज

हिस्टरी सांगतानाच वेळ संपतो. काय गाळू?

काही गाळण्याआधी मांडणी बदलून बघा. समजा, ३४ वर्षांची शेतमजूर बाई आहे. तक्रारी तीन: धाप, धडधड आणि पायांवर सूज. बहुतेक जण तिन्हींची वेगवेगळी खाती उघडतात आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करतात. त्याऐवजी एकच धागा धरा. तीन वर्षांपूर्वी घागर घेऊन चढ चढताना धाप लागायची, वर्षापूर्वी सपाटीवरही लागू लागली, सहा महिन्यांपासून रात्री उठून बसावं लागतं. आठ दिवसांपूर्वी एकाएकी वेडीवाकडी धडधड सुरू झाली आणि त्याच दिवसापासून बसल्या जागी धाप लागते. सूज त्यानंतरची.

एवढं ऐकून परीक्षकांच्या डोक्यात मायट्रल स्टेनोसिस येतो आणि आठ दिवसांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं असावं, हेही. ठोके वाढले की डायस्टोलचा वेळ कमी होतो, अरुंद झडपेतून रक्त पुरेसं उतरत नाही, मग फुफ्फुसात दाब वाढतो. क्रमही बोलतो: आधी धाप, मग सूज. पोट आधी फुगलं असतं, तर मी कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसचा विचार केला असता.

निगेटिव्ह हिस्टरी पाठ आहे, तरी सर वैतागतात.

पाठ आहे म्हणूनच वैतागतात! या बाईत ताप नाही (एंडोकार्डायटिस), हातापायाची ताकद गेली नाही की बोलणं अडखळलं नाही (एम्बोलिझम), एवढं हवंच. लहानपणी सांधे सुजले होते का, दर २१ दिवसांनी पेनिसिलिन घेते का, गरोदरपणात धाप वाढली होती का, याची उत्तरं 'हो' असोत वा 'नाही', सांगायचीच. लघवीची जळजळ इथे कोणी विचारत नाही.

मर्मर ऐकू आला नाही, पण निदान पक्कं वाटतं. सांगून टाकू?

नको. बाईला डाव्या कुशीवर वळवा, बेल एपेक्सवर हलकेच टेकवा, श्वास सोडून थांबायला सांगा. तरी नाही आला, तर नाही आला. एमडीच्या वेळी मी नाडी इर्रेग्युलरली इर्रेग्युलर सांगितली आणि पुढच्याच वाक्यात जेव्हीपीत ठळक 'ए' वेव्ह. एट्रियमच थरथरतोय, तर 'ए' वेव्ह येणार कुठून? परीक्षकांनी नुसता माझा हात पुन्हा नाडीवर ठेवला.

शेवटचं निदान कोणत्या क्रमाने?

कारण, झडप, परिणाम, ताल, क्षमता: र्‍हुमॅटिक हार्ट डिसीज, सिव्हिअर मायट्रल स्टेनोसिस, पल्मोनरी हायपरटेन्शन व राइट हार्ट फेल्युअर, एट्रियल फिब्रिलेशन, एनवायएचए क्लास चार. 'सिव्हिअर' का, हे विचारतातच. मर्मर मोठा म्हणून, असं म्हणू नका. मर्मर लांबलेला आहे आणि दुसऱ्या हार्ट साउंडनंतर ओपनिंग स्नॅप अगदी लगेच येतो, म्हणून.