विखुरलेल्या नोंदींवरून लेकराच्या वाढीचा सारांश

प्रश्न: तालुक्याच्या बालरोग क्लिनिकमध्ये कामाला आहे. एकाच लेकराच्या नोंदी केस पेपर, लसीकरण कार्ड, अंगणवाडीचं वजन अशा विखुरलेल्या असतात. डॉक्टर म्हणतात, वाढ-विकासाचा एका पानाचा सारांश करून फाइलला लाव. सुरुवात कुठून करू?

उत्तर: जन्मतारीख आणि किती आठवड्यांनी जन्म झाला, या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. आठवडे बहुधा जन्माच्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर असतात आणि आपल्याकडे ते कार्ड घरी पेटीत राहते. मायला पुढच्या खेपेला आणायला सांगाच.

तारखा बदलून एक उदाहरण देतो. मुलीचा जन्म १० जानेवारी २०२४, ३२ आठवड्यांनी, म्हणजे ८ आठवडे आधी. १२ नोव्हेंबरला वजन ६.५ किलो. केस पेपरवर वयापुढे नुसतं '१०/१२' होतं. ते १० महिने, १० डिसेंबर नव्हे. म्हणून प्रत्येक नोंदीला पूर्ण तारीख द्या आणि वय स्वतः काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलींच्या तक्त्यात १० महिन्यांना कमी वजनाची रेघ (उणे २ एसडी) ६.७ किलोवर आहे, म्हणजे ही मुलगी रेघेखाली. पण ८ आठवडे वजा केले की दुरुस्त वय ८ महिने, तिथली रेघ ६.३, म्हणजे मुलगी रेघेच्या वर. सारांशात दोन्ही वयं लिहा आणि आलेखावर ठिपका दुरुस्त वयाला द्या. अशी दुरुस्ती साधारण २ वर्षांपर्यंत करतात.

त्याच मुलीचं ऑक्टोबरमधलं अंगणवाडीचं वजन ६.९ होतं. महिनाभरात ४०० ग्रॅम घट! काटा वेगळा असेल, अंगावर स्वेटर असेल, किंवा लेकरू खरंच आजारी असेल. आपल्या मनाने एकही आकडा खोडू नका. दोन्ही ठिकाणं लिहून गोल करा, आणि डॉक्टरांसमोर कपडे काढून पुन्हा वजन घ्या.

विकासाच्या टप्प्यांत सगळ्यात जास्त गफलत होते. १२ नोव्हेंबरच्या कागदावर 'बसते' आहे, म्हणजे ती त्या दिवशी बसायला लागली असं नाही. २० सप्टेंबरला 'आधार लागतो' लिहिलेलं होतं. म्हणून ओळ अशी करा: 'आधाराशिवाय बसते: २० सप्टेंबर ते १२ नोव्हेंबर दरम्यान, दुरुस्त वय साडेसहा ते आठ महिने, तपासणीत पाहिले.' माय म्हणाली असेल तर 'आईच्या सांगण्यावरून' असं लिहा. रांगण्याबद्दल कुठेच शब्द नव्हता, तिथे 'नोंद नाही' लिहा. 'रांगत नाही' लिहिलं तर पुढचा डॉक्टर ते विकास मागे पडल्याचं लक्षण धरेल आणि लेकराला विनाकारण जिल्ह्याला पाठवेल.

'नॉर्मल' हा शब्द सारांशात तुम्ही टाकू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. पानाच्या तळाशी 'नोंद नाही' असलेले टप्पे वेगळे काढून ठेवा, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टर तेच आधी तपासतील.