मागितलेल्या रजेपैकी अर्धीच मंजूर झाली, साहेबांना उलट प्रस्ताव कसा लिहावा?

प्रश्न: १२ ते २३ अशी दोन आठवड्यांची रजा बहिणीच्या लग्नासाठी मागितली होती. साहेबांनी १२ ते १६ मंजूर केली आणि १९ ते २३ नाकारली, कारण २३ ला मासिक अहवाल जातो. लग्न आहे २० ला! परत लिहिलं तर उद्धटपणा वाटेल का? काय लिहू?

उत्तर:

उद्धटपणा वाटणार नाही, पण पत्रात तीच मागणी पुन्हा नको. "कृपया पुनर्विचार व्हावा" एवढंच लिहून पाठवलं, तर साहेबांपुढे तोच अर्ज आणि तोच अहवाल असतो, त्यामुळे उत्तरही तेच येतं. उलट प्रस्तावात त्यांची अडचण सुटायला हवी आणि तुम्ही काहीतरी सोडलेलं दिसायला हवं.

तुमच्याकडे सोडण्यासारखं आहे. मंजूर झालेले पाच दिवस तुमच्या फारसे उपयोगाचे नाहीत आणि नाकारलेल्यांपैकी तीनच तुम्हाला खरोखर हवेत. बहुधा अर्जात फक्त "१२ ते २३, घरगुती कारण" असं लिहिलं असेल. मग कुठला दिवस अटळ आणि कुठला सोयीचा, हे साहेबांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी अहवालाचा आठवडा वाचवला आणि उरलेला तुम्हाला दिला.

म्हणून आधी कागदावर दहाही दिवस लिहा आणि प्रत्येकासमोर कारण मांडा. २० मंगळवार, लग्न: हलणार नाही. १९ सोमवार, घरचे विधी: हलणार नाही. २१ बुधवार, पाठवणीनंतरची आवराआवर: हवा, पण ताणला तर सुटेल. १५ आणि १६, प्रवास आणि तयारी: हवेत. १२, १३, १४: सोडता येतील. २२ आणि २३: सोडता येतील, आणि साहेबांना नेमके हेच हवे आहेत. आता बेरीज करा. १५, १६, १९, २०, २१ म्हणजे पाचच दिवस. मंजूर झाले तेही पाचच. तुम्ही एकही जास्तीचा दिवस मागत नाही, फक्त जागा बदलून मागता. पत्रात हे वाक्य सगळ्यात आधी यायला हवं.

त्यानंतर अहवालाचं काय, ते सांगा. "काम अडणार नाही" याला काही अर्थ नाही, कारण प्रत्येक अर्जात तेच असतं. कुठला भाग कोणत्या तारखेपर्यंत होईल, मधल्या दिवसांत कोण काय बघेल आणि तुम्ही परत कधी, ही तीन उत्तरं द्या. सहकाऱ्याचं नाव लिहिण्याआधी त्याची परवानगी घ्या आणि काम त्याला नेमकं समजावा. साहेब पत्र वाचून सरळ त्याला विचारतात. तो "मला माहीतच नाही" म्हणाला, तर चांगला प्रस्तावही तिथेच संपतो.

पत्र असं लिहिता येईल. मूळ अर्जाच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे तारखा शोधाव्या लागणार नाहीत:

> आदरणीय सर,
>
> १२ ते १६ ची रजा मंजूर केल्याबद्दल आभार. २३ ला अहवाल जाणार असल्याने पुढचा आठवडा मोकळा देता येत नाही, हे लक्षात आलं. बहिणीचं लग्न २० ला आहे, हे मूळ अर्जात मी स्पष्ट लिहायला हवं होतं.
>
> मंजूर झालेल्या पाच दिवसांतच बसणारा एक बदल सुचवू इच्छितो: १२, १३, १४ ला मी कामावर राहीन आणि १५, १६, १९, २०, २१ ला रजा मिळावी. २२ ला सकाळी हजर होईन.
>
> अहवालाचे तक्ते आणि मसुदा १४ च्या संध्याकाळपर्यंत आपल्याकडे देईन. १९ ते २१ या काळात येणारे आकडे (सहकाऱ्याचं नाव) भरतील. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. २२ ला शेवटची तपासणी मी करेन.
>
> २१ चा दिवस अडचणीचा वाटत असेल, तर त्या दिवशीही कामावर येईन. १९ आणि २० मात्र मिळावेत, ही विनंती.
>
> शक्य झाल्यास शुक्रवारपर्यंत कळवावं, म्हणजे प्रवासाची तिकिटं काढता येतील. तोवर १२ ते १६ ची मंजुरी तशीच राहू द्यावी.

("इच्छितो"च्या जागी गरजेप्रमाणे "इच्छिते" करा.)

या पत्रात एक मुख्य पर्याय आहे आणि एक माघारीचा. तिसरा देऊ नका. चार पर्याय ठेवले की निवडण्याचं काम साहेबांवर पडतं आणि मेल बाजूला राहतो. शिवाय माघारीच्या पर्यायाखाली तुमची हद्दही लिहिलेली हवी, इथे ती "१९ आणि २०" आहे. ती नसेल, तर घासाघीस लग्नाच्या दिवसापर्यंत पोचते.

"फोनवर उपलब्ध असेन" हे मी मुद्दाम घातलेलं नाही. लग्नघरात ते पाळणं अवघड, आणि एक फोन चुकला की पुढच्या अर्जाला तो आठवतो. द्यायचंच असेल तर वेळ बांधून द्या: "१९ ला सकाळी १० ते ११". २० ला अजिबात नको.

काही वाक्यं सूर बिघडवतात. "माझी एवढी रजा शिल्लक आहे" हे खरं असलं, तरी साहेबांनी शिल्लक नाकारलेली नाही, तारखा नाकारल्या आहेत. "तिकिटं आधीच काढली आहेत" हे दडपण वाटतं. "अमक्याला मागच्या महिन्यात मिळाली होती" यामुळे बोलणं तुमच्या रजेवरून दुसऱ्याच्या रजेवर जातं. मनुष्यबळ विभागाला पहिल्याच उत्तरात प्रत टाकणं म्हणजे तक्रार झाली. ती वाट आत्ता नको.

मेल नकार आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जाऊ द्या, आणि पाठवण्याआधी दोन मिनिटं भेटून "सर, तारखा बदलून एक पर्याय पाठवतोय" एवढं सांगा. नकारासोबत कारण दिलेलं नसतं, तर या भेटीत एकच प्रश्न विचारायचा: "त्या आठवड्यात नेमकं कुठलं काम अडतंय?" ते कळल्याशिवाय प्रस्ताव लिहिणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

तोंडी होकार मिळाला, तर त्याच मेलवर "आजच्या बोलण्याप्रमाणे १५, १६, १९, २०, २१ ची रजा आणि २२ ला हजर" असं लिहून ठेवा. होकार आलाच नाही, तरी त्या दोन दिवसांसाठी आजारपणाची रजा टाकू नका. नाकारलेल्या तारखांनाच आलेला ताप लगेच ओळखू येतो. अशा वेळी १९ आणि २० या दोनच दिवसांसाठी भेटून पुन्हा विनंती करा. लग्नाची तारीख हातात असताना दोन दिवसांना नकार देणं पाच दिवसांपेक्षा कितीतरी अवघड असतं.

शेवटचं काम रजेच्या नोंदीचं. लेखी होकार हातात येईपर्यंत जुना मंजूर अर्ज रद्द करू नका, नाहीतर दोन्हीकडून हात रिकामे. होकारानंतर जुना रद्द करून नवा भरा. काही प्रणाली १५ आणि १६ या तारखा आधीच नोंदलेल्या असल्याने नवा अर्ज घेत नाहीत. तसं झालं तर रद्द झाल्याची नोंद दिसेपर्यंत थांबा. दोन रजांच्या मधला शनिवार-रविवार तुमच्याकडे रजेत मोजतात का, तेही पत्र पाठवण्याआधी बघा. मोजत असतील तर १५ ते २१ या सात रजा होतात, आणि मग पत्रातलं "पाच दिवसांतच बसणारा" हे वाक्य बदलावं लागेल.