उरलेल्या पोळीची रील: तुझ्या मसुद्यावरून सुचलेलं

अनेक आशीर्वाद.

रात्री उरलेल्या पोळीचे मुलांच्या डब्यासाठी तीन पदार्थ, फोडणीची पोळी, लाडू आणि खाकरा, दाखवणाऱ्या रीलचा तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला, मग घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिला. पंचेचाळीस सेकंदांच्या रीलसाठी तू 190 शब्द लिहिलेस. मी वाचत गेले तसा दम लागला, तरी दुसरी पाककृती पुरी होता होता वेळ संपला. निवांत, कळेल असं मराठी बोलायचं तर मिनिटाला साधारण 120 शब्द बसतात. म्हणजे तुझ्या हातात आहेत नव्वद शब्द. आता प्रश्न असा की त्या नव्वदांत काय ठेवायचं.

तू सगळी प्रमाणं आवाजात घातलीस. ‘दोन चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा हळद...’ ऐकणाऱ्या आईच्या एका हातात कंगवा असतो, दुसऱ्या हातात पोराची वेणी. तिच्या कानात हे आकडे टिकत नाहीत. आकडे कॅप्शनमध्ये टाक, तिथे ती थांबून वाचेल. कृती चित्रात दिसतेच, ‘आता आपण कांदा चिरून घेऊया’ असं म्हणण्याची गरज नाही. आवाजाने सांगायचं ते कॅमेऱ्याला दिसत नाही तेवढंच: तुकडा बोटाला कसा लागला पाहिजे, किती वेळ थांबायचं, झाकण कधी लावायचं आणि हे सगळं का.

तो ‘का’ तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. ‘शिळ्या पोळ्या आता चविष्ट’ असं तू लिहिलंस, पण पोळी सकाळी वातड का होते ते सांगितलंस तर तिन्ही पदार्थ एका दोऱ्यात येतात. पोळी भाजताना कणकेतला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो. गार झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बसतो. म्हणून झाकून ठेवलेली, जराही न सुकलेलीसुद्धा पोळी सकाळी चिवट लागते. फ्रिजच्या थंडीत तर हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. तव्यावर गरम केली की पोळी मऊ पडते, आणि इथेच सगळे फसतात. सकाळी सातला मऊ असलेली पोळी मधल्या सुट्टीपर्यंत गार होते आणि पुन्हा ओढून तोडावी लागते. मूल अर्धी टाकून डबा परत आणतं. तेव्हा उरलेल्या पोळीचं डब्यासाठी काही करायचं म्हणजे ती गार झाल्यावर कशी लागेल याचा विचार करायचा. तुझे तिन्ही पदार्थ या कसोटीला उतरतात, कारण प्रत्येक जण त्या कडकपणाचं वेगळं काहीतरी करतो. फोडणीची पोळी त्याला पाणी आणि तेल देते, लाडू त्याचा चुरा करून तुपागुळात बांधतो, खाकरा तो कडकपणा शेवटपर्यंत नेतो. हेच तुझ्या रीलचं सूत्र ठेव.

वेळ तिघांना सारखा वाटू नकोस. फोडणीच्या पोळीला सगळ्यात जास्त दे, कारण ती सगळ्यांना येते असं वाटतं आणि डब्यात तीच सगळ्यात जास्त बिघडते.

तिची पहिली चूक मिक्सरमध्ये होते. पोळी सरसकट फिरवली की रवाळ चुरा होतो, त्याला पाणी लागलं की कढईत पिठलं. शेंगदाण्याएवढे तुकडे हातानेच करायचे. पोळी फार चिवट असेल तर मिक्सर चालू-बंद करत दोनतीन झटके द्यायचे, त्याहून जास्त नाही. दुसरी चूक पाण्याची. चार पोळ्यांना दोन ते तीन मोठे चमचे पाणी पुरतं, तेही ओतायचं नाही. हाताने हबका मारायचा, सगळीकडे फिरवून. मग मंद आचेवर झाकण ठेवून दोन मिनिटं. झालं की नाही हे असं ओळखायचं: एक तुकडा बोटांत दाबायचा. मधोमध दबला आणि बोटाला चिकटला नाही तर बरोबर. कोरडा करकरला तर आणखी एक हबका. चिकटला तर पाणी जास्त झालं, मग झाकण काढून मिनिटभर परतायचं.

तिसरी चूक गॅस बंद झाल्यावर होते, आणि ती मी स्वतः कित्येक वर्षं करत होते. गरम गरम डब्यात भरून झाकण घट्ट लावायचे. वाफ झाकणाला लागून पाणी होतं, ते खाली पडतं, वरचा थर ओला गिच्च आणि खालचा घट्ट. माझा मुलगा ‘आई, चिकट आहे’ एवढंच म्हणायचा आणि मला वाटायचं कांदा कमी परतला. एकदा दुपारी मीच तो उरलेला डबा उघडला, झाकणाच्या आत थेंब दिसले, तेव्हा कळलं. ताटात पसरून दहा मिनिटं गार करायची, मग भरायची. रीलमध्ये हे ताट दाखव. सुरेख सजवलेल्या डब्यापेक्षा हा शॉट जास्त उपयोगाचा आहे.

तू वरून अख्खे शेंगदाणे घातलेस. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, बालवाडीचे डबे भरणाऱ्या आयाही ही रील बघणार. कूट घाल, चव तीच येते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी कॅप्शनमध्ये ‘कूट नसलं तरी चालतं’ असं लिही.

लाडवाबद्दल. तू गुळाचा पाक करायला सांगितलंस, तो काढून टाक. पाक झाला की लाडू गार झाल्यावर दगड होतो आणि दुधाचे दात हलणाऱ्या मुलाला चावत नाही. तीन पोळ्यांचा रवाळ चुरा, इथे मिक्सर चालतो. पाव वाटी बारीक चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे तूप. तूप गरम करून गूळ घालायचा, आच अगदी मंद, गूळ विरघळला की लगेच बंद. बुडबुड्यांची वाट बघायची नाही. चुरा घालून कोमट असतानाच वळायचा. मुठीत दाबल्यावर आकार धरला तर ठीक, भुगा झाला तर चमचाभर तूप आणखी. पाणी किंवा दूध घालायचं नाही. तू ‘लागल्यास दूध शिंपडा’ लिहिलंस, पण दूध घातलेला लाडू उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहिला तर आंबू शकतो.

खाकऱ्याला फार शब्द नकोत. एकच गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: घडीच्या पोळीचा खाकरा नीट होत नाही. पदरांमध्ये ओल अडकते, वरून करपते आणि आतून लवचिक राहते. पातळ फुलका किंवा बिनघडीची चपाती घ्यायची. मंद आचेवर, कोरड्या तव्यावर, दुमडलेल्या सुती कापडाने दाबत, उलटसुलट चारपाच मिनिटं. पूर्ण गार झाल्यावर मोडून बघायचा, ‘कट्’ आवाज आला पाहिजे. हा आवाज रेकॉर्ड कर आणि तेवढा वेळ तू गप्प राहा. आणि तो फोडणीच्या पोळीशेजारी भरू नकोस, ओल लागून मऊ पडतो. तुझ्या शेवटच्या शॉटमध्ये तिन्ही पदार्थ एकाच डब्यात एकमेकांना चिकटून आहेत, तो बदलावा लागेल.

पोळी ‘उरलेली’ म्हणजे कुठली, हेही कॅप्शनमध्ये स्पष्ट कर. रात्री केलेली, गार झाल्यावर झाकून ठेवलेली, सकाळी वापरलेली. उकाड्यात किंवा पावसाळ्यात घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये. आंबूस वास, बोटाला तार, किंवा एखादा हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून बाकीची वापरायची नाही, ती सगळी चळत टाकायची. बुरशी दिसते त्याच्या पलीकडेही पसरलेली असते.

आता शब्द. ‘शिळी’ म्हणावं का, असं तू विचारलंस. आवाजात ‘रात्रीची पोळी’ म्हण, घरात आपण तेच म्हणतो. कॅप्शनच्या पहिल्या ओळीत मात्र ‘चपाती’ हवी. कित्येक घरांत पोळी म्हणजे पुरणपोळी, ते शोधताना चपातीच लिहितात. आणि कॅप्शनची पहिली ओळच आधी दिसते, बाकीची उघडावी लागते, तेव्हा ‘नमस्कार मैत्रिणींनो’ने ती वाया घालवू नकोस.

मी तुझ्याच मजकुरावरून आवाजाचा भाग असा बसवला:

‘रात्रीच्या पोळ्या उरल्यात? गरम करून डब्यात दिल्या, तर गार होताच पुन्हा वातड. त्यापेक्षा हे करा. पहिली, फोडणीची पोळी. तुकडे हातानेच. पाण्याचा फक्त हबका, झाकण, दोन मिनिटं. तुकडा दाबून बघा, दबला पाहिजे, चिकटायला नको. आणि ताटात गार केल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफेचं पाणी होतं. दुसरा, पोळीचा लाडू. गूळ तुपात फक्त विरघळवायचा, पाक नाही. मुठीत आकार धरला की वळा. तिसरा, खाकरा. मंद आच, कापडाने दाबत. गार झाल्यावर ऐका...’

इथे मोडण्याचा आवाज. मग एकच वाक्य: ‘याला वेगळी डबी द्या.’

हे सत्तरएक शब्द आहेत. उरलेली जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे, फोडणीच्या तडतडीला आणि त्या ‘कट्’ला.

कॅप्शनची सुरुवात अशी कर: ‘रात्रीच्या चपातीचे डब्यासाठी तीन पदार्थ, गार झाल्यावरही चांगले लागणारे.’ खाली फोडणीच्या पोळीचं प्रमाण: चार चपात्या, एक मध्यम कांदा, दोन चहाचे चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, पाव चमचा हळद, शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर साखर, दोन-तीन मोठे चमचे पाणी, गॅस बंद केल्यावर लिंबू. कणकेत बहुधा मीठ असतं, म्हणून मीठ नेहमीच्या निम्मं. मग लाडवाचं प्रमाण, खाकऱ्याची बिनघडीची अट, आणि पोळी कधी टाकायची ते. मिरची चिरून घालण्याऐवजी मोठे तुकडे घाल म्हणजे काढून टाकता येतात, हेही लिही.

चित्रीकरणाआधी एक दिवस तिन्ही पदार्थ सकाळी सातला डब्यात भर आणि दुपारी बारापर्यंत उघडू नकोस. मग खाऊन बघ. फोडणीची पोळी तेव्हा चिकट लागली तर पाण्याचं प्रमाण एका चमच्याने कमी कर आणि कॅप्शनमध्ये तुझ्या कढईतून निघालेलाच आकडा लिही. तो कळला की मला आवाजाची पहिली ध्वनिफीत पाठव, चित्र नंतर बघू.

तुझी,
मावशी