हे दाबलं की लगेच पैसे जाणार का?

प्रश्न: मी ऐरोलीतून सुती साड्या ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक साडी निवडतं, पत्तासुद्धा भरतं आणि पैसे भरायच्या पानावरून निघून जातं. बटणावर नेमकं काय लिहू?

आधी गळती कुठे आहे ते बघा. गिऱ्हाईकाकडून पैसे घ्यायला रेझरपे वापरत असाल तर प्रत्येक ऑर्डरपुढे `created`, `attempted` किंवा `paid` लिहिलेलं असतं. `created` म्हणजे पैसे भरायचा प्रयत्नच झालेला नाही. `attempted` म्हणजे प्रयत्न झाला, पण पैसे अजून पोचलेले नाहीत. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. `created` जास्त असतील तर आधी बटण बघा.

मी ठाण्यात साइटवरची अशी वाक्यं लिहायच्याच कामात आहे. नौपाड्यातल्या एका फराळवाल्या काकूंच्या साइटवर शेवटचं बटण होतं ‘पुढे जा’. मी त्यांच्या नणंदेच्या हातात फोन दिला आणि चिवडा मागवायला सांगितलं. त्या बटणापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “हे दाबलं की लगेच पैसे जाणार का रे?” अडलं होतं ते इथेच. आम्ही बटणावर ‘₹७४० भरा’ लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात: ‘आता तुमचं यूपीआय अ‍ॅप उघडेल. पिन टाकेपर्यंत पैसे जाणार नाहीत.’

मग त्या पिनपर्यंत गेल्या आणि परत थबकल्या. अ‍ॅपमध्ये दुकानाचं नाव नव्हतं, काकांच्या नावाने नोंदवलेल्या फर्मचं होतं. ही अडचण घरगुती धंद्यांमध्ये मला फार वेळा दिसते. तुमचंही तसंच असेल तर बटणाखाली आणखी एक ओळ घाला: ‘अ‍ॅपमध्ये अमुक नाव दिसेल, ते आमचंच आहे.’ त्याआधी स्वतः एक ऑर्डर देऊन नाव कसं दिसतं ते अक्षर न् अक्षर तपासा.

`attempted` जास्त असतील तर फसलेल्या पेमेंटचा निरोप बदला. नुसतं ‘पेमेंट फेल’ वाचून माणूस घाबरतो, कारण कधीकधी खात्यातून पैसे कापले गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, दुकानदाराला यूपीआयने भरलेले पैसे कापले गेले पण त्याच्याकडे खात्री पोचली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यावे लागतात. म्हणून लिहा: ‘पैसे आमच्यापर्यंत पोचले नाहीत. खात्यातून कापले गेले असतील तर ५ दिवसांत बँकेकडून परत येतील. तुमची साडी टोपलीत तशीच आहे.’ त्याखाली बटण: ‘पुन्हा भरा’. मात्र बँकेचं उत्तर यायचं असेल तेव्हा हे बटण दाखवू नका, नाहीतर माणूस दोनदा भरेल. तोवर ‘बँकेकडून कळायचंय, परत पैसे भरू नका’ एवढंच दाखवा.

आणि कुरिअरचा खर्च शेवटच्या पानावर पहिल्यांदा दिसत असेल, तर यातलं एकही वाक्य उपयोगाचं नाही. तो साडीच्या किमतीशेजारीच लिहा.