काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकावर खेकसतो, तेव्हा आधी काय तपासायचं

प्रश्न: शिरपूरकडे आमचं कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरवरचा मुलगा चार वर्षं जुना, हिशेबाला चोख, पैशाला प्रामाणिक. पण हल्ली शेतकऱ्यांशी फार तुसडं बोलतो. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. स्वभावच तसा समजून काढून टाकू, की कारण दुसरं असेल? ओळखायचं कसं?

उत्तर:

काढायचा निर्णय निदान पंधरा दिवस पुढे ढकला. इतकी वर्षं नीट वागलेल्या माणसाचा स्वभाव एकाएकी फिरत नाही. बहुतेक वेळा त्याच्या कामात काहीतरी बदललेलं असतं, नाहीतर घरात. पण हे अंदाजाने ठरवू नका. माझंही चोपडा तालुक्यात कृषी केंद्र आहे, म्हणून आपल्याच धंद्यातलं सांगतो.

गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवा. तो कोणाशी वाकडं बोलला की चार गोष्टी टिपा: वेळ काय होती, गिऱ्हाईक कोण होतं, त्याने काय विचारलं होतं आणि ह्याच्या तोंडचे नेमके शब्द. 'उद्धट बोलला' असं लिहू नका, तो तुमचा निकाल झाला. 'पुडीवर लिहिलंय ना, वाचता येत नाही का' असं लिहा. आठवड्याने नोंदी एकाखाली एक वाचा. विचारणा पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीची असेल, मग गिऱ्हाईक कोणीही असो, तर त्याला त्या कामातलं काहीतरी येत नाही. ठराविक वेळेनंतर किंवा ठराविक तारखेपासून तो सगळ्यांवरच चिडत असेल, हमालावर आणि बिलं करणाऱ्यावरसुद्धा, तर तो ताण आहे. आणि विचारणा तीच, वेळ तीच, पण एकाला 'या दादा' आणि दुसऱ्याला 'काय रे', असं असेल तर ती वृत्ती आहे.

एका खुणेवर मात्र भरवसा ठेवू नका. मालक समोर असला की नीट वागतो आणि पाठ फिरली की बिघडतो, म्हणजे मुद्दाम करतो, असं आपण पटकन धरतो. पण आपण गल्ल्यावर असलो की अवघड प्रश्न लोक आपल्यालाच विचारतात, त्याच्यापर्यंत ते जातच नाहीत. साहजिकच तो शांत दिसतो. म्हणून तुमच्या समोर गिऱ्हाइकाने थेट त्यालाच विचारलं आणि तुम्ही मध्ये पडला नाहीत, अशाच वेळा मोजा.

आमच्याकडच्या मुलाच्या नोंदी वाचल्या तेव्हा पुष्कळशा फवारणीच्या औषधांच्या निघाल्या. उदाहरणार्थ, एक आबा बोंडअळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजीची पुडी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, पंपले कितलं टाकनं पडी?" हा म्हणाला, "लिहिलंय ना त्याच्यावर, सगळं मीच सांगू का?" आबा पुडी तिथेच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर अर्धं उघडं असताना, मी त्याला एकट्याला बसवलं. 'तू उद्धट झालास' असं म्हटलं नाही. काल त्या आबांना तू हे वाक्य बोललास, तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं, एवढंच विचारलं आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे. आपण लगेच उपदेश सुरू केला की समोरचा 'चुकलं मालक' म्हणून मोकळा होतो आणि खरं कारण पोटातच राहतं. थोड्या वेळाने तो बोलला. लेबलवर प्रमाण हेक्टरी लिहिलेलं, कंपनीचा माणूस एकरी सांगून गेलेला, आणि गिऱ्हाईक विचारतं पंपाचं. कोणाचा पंप 15 लिटरचा, कोणाचा बॅटरीवरचा 20 लिटरचा. चुकीचं सांगितलं आणि कपाशी जळाली तर शेतकरी दुकानावर येईल, ही त्याला धास्ती. 'मला माहीत नाही' म्हणायची लाज. म्हणून तो खेकसायचा, म्हणजे माणूस पुढे विचारतच नाही.

खात्रीसाठी दुपारी दुकान रिकामं असताना मी स्वतः गिऱ्हाईक झालो आणि तोच प्रश्न विचारला. अंगावर घाई नाही, समोर गर्दी नाही, मालक स्वतः विचारतोय, तरीही त्याला नीट सांगता आलं नाही. हीच खरी परीक्षा आहे. निवांत वेळी जे जमतं ते त्याला येतं, आणि निवांत वेळीही जे जमत नाही ते शिकवायला हवं. त्यावर रागावून काहीच होत नाही.

मग आम्ही जास्त खपाच्या औषधांचं एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलं. हेक्टरी आकडा काढून सगळं पंपावर आणलं. इमामेक्टिन 10 लिटर पाण्याला 4 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम आणि 20 लिटरच्या पंपाला 8 ग्रॅम. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, त्याचं गणित वेगळं, म्हणून तो प्रश्न थेट माझ्याकडे पाठवायचा असं ठरवलं. लेबलवर ज्या पिकाचं नाव नाही त्या पिकाला औषध द्यायचं नाही, हेही कार्डावरच लिहिलं. आणि एक वाक्य त्याला मोकळेपणाने दिलं: "थांबा आबा, पक्कं विचारून सांगतो." हे वाक्य म्हटल्याने त्याची किंमत कमी होत नाही, हे मी त्याच्यादेखत गिऱ्हाइकांसमोर स्वतः तसं बोलून दाखवलं. पंधरवड्यात औषधांच्या नोंदी जवळजवळ थांबल्या.

नकार कसा द्यायचा हेही कोणी शिकवलेलं नसतं. 'युरिया नाही, सांगितलं ना एकदा' आणि 'युरिया संपला, गुरुवारी गाडी आहे, नाव लिहून ठेवू का?' यात माल दोन्हीकडे तेवढाच, म्हणजे नाहीच. दुसरं वाक्य पाठ करून घ्यावं लागतं, आणि गाडीचा वार तुम्ही त्याला रोज सकाळी सांगावा लागतो. इथे एक गोष्ट स्पष्टच बोलतो. युरियाच्या गोणीबरोबर दुसरं काही घ्यायची सक्ती तुमच्या दुकानात होत असेल तर ती आधी बंद करा. ती नियमाला धरून नाहीच, शिवाय शेतकऱ्याच्या शिव्या त्या मुलाला खाव्या लागतात. उधारीचंही तसंच. 'नाही' हे मालकाने सांगायचं, नोकराच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही.

आता उरल्या खताच्या रांगेतल्या नोंदी. त्या सगळ्या दुपारी चारनंतरच्या होत्या, आणि आखाजी झाल्यावर सुरू झालेल्या. पॉस मशीनवर अंगठा लागत नाही, शेतात राबून बोटांच्या रेघा झिजलेल्या, भेगा पडलेल्या, मातीने भरलेल्या. मागे पंचवीस माणसं, मशीनला रेंज नाही, आणि हा ओरडतो, "नीट दाबा ना!" त्याला काम येत होतं, सकाळी तो हेच हसत करायचा. मी विचारलं, रात्री झोप किती होते? तेव्हा कळलं की वडील जळगावला दवाखान्यात होते. हा रात्री तिकडे थांबायचा, सकाळच्या गाडीने यायचा आणि दुपारी धड जेवायचाही नाही.

अशा माणसाला बोलण्याचं शिक्षण देऊन उपयोग नसतो, त्याच्यावरचा भार हलवावा लागतो. दुपारी दोनपर्यंतच काउंटर, नंतर गोदाम आणि साठा रजिस्टर. जेवणाचा अर्धा तास पक्का. थोडी उचल दिली. मशीनजवळ ओलं फडकं आणि कोरडा नॅपकिन ठेवला: बोट पुसायचं, कोरडं करायचं, नाही लागलं तर दुसरं बोट. रांगेतल्यांनी आधीच हात पुसून यायचं, हे सांगायला हमालाला उभं केलं. ही सवलत किती दिवसांची तेही त्याच वेळी ठरवा आणि त्याला सांगा. नाहीतर बाकीची पोरं कुरकुरतात आणि त्यालाही आपल्याला बाजूला टाकलं असं वाटतं. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर ताण हे एकटं कारण नाही असं धरून वही पुन्हा वाचा.

वृत्तीचं प्रकरण मी दुसऱ्या एका माणसाच्या बाबतीत पाहिलं. केळीचे मोठे बागायतदार आले की खुर्ची, चहा, 'दादा'. सातपुड्याकडच्या पाड्यावरून आलेला पावरा किंवा भिल्ल शेतकरी रोख पैसे घेऊन उभा असला तरी 'तू', 'थांब तिकडे', आणि पैसे काउंटरवर फेकल्यासारखे परत. एकाच सकाळी, एकाच बियाण्याच्या पाकिटाबद्दल. बागायतदाराला तो व्यवस्थित समजावत होता, म्हणजे त्याला येत होतं. वेळ तीच होती, म्हणजे थकवाही नव्हता. तो माणूस पाहून बोलत होता.

त्याला शिकवायचं काही नव्हतं, फक्त हद्द सांगायची होती. वयाने मोठ्या कोणालाही 'तू' नाही, कोणाच्या शिक्षणावर किंवा पैशावर शब्द नाही, आणि रांग मोडून कोणाला आधी घ्यायचं नाही. या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या, तारीख टाकली, त्याची सही घेतली. पंधरा दिवसांत पुन्हा घडलं तर काउंटर सुटेल आणि त्यानंतर नोकरी, हेही त्यातच लिहिलं. घडलंच, तेव्हा बाकी पगार चुकता करून त्याला मोकळं केलं. जातीवरून शब्द गेला तर मात्र पंधरा दिवसांची वाटही पाहायची नाही, त्याच दिवशी काउंटरवरून उठवायचं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांसमोर जातीवरून अपमान करणं हा 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी त्या माणसाला आपल्या दारात हे ऐकावं लागणं मला सहन होणार नाही.

तुटलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे तुम्ही स्वतः जा, मुलाला पाठवू नका आणि त्याच्यावर ढकलूही नका. त्यांना विचारा की नेमकं काय विचारलं होतं आणि काय उत्तर मिळालं. त्या वहीतल्या तुमच्या पहिल्या दोन नोंदी होतील. ते औषधावरून बिनसलं, खतावरून की उधारीवरून, हे इथे लिहिलंत तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.