दर एकच, तरी कर 'प्रतिगामी' कसा?

प्रश्न: "जीवनावश्यक वस्तूंवरचा कर सगळ्यांना एकाच दराने लागतो. मग त्याला 'प्रमाणशीर' न म्हणता 'प्रतिगामी' का म्हणतात? प्रतिगामी म्हणजे तर जुनाट विचारांचा ना?"

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे 'पुरोगामी' आणि 'प्रतिगामी' ही जोडी विचारसरणीसाठी इतकी रुळली आहे की 'प्रतिगामी कर' म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं. अर्थशास्त्रात मात्र हा शब्द फक्त दिशा सांगतो. उत्पन्न वाढत गेलं की त्यातला कराचा वाटा वाढतो, तेवढाच राहतो की घटतो? वाढला तर कर प्रगतिशील, तेवढाच राहिला तर प्रमाणशीर आणि घटला तर प्रतिगामी. मी स्वतः बोलताना 'चढता', 'समान' आणि 'उतरता' असं म्हणते. पाठ्यपुस्तकातले शब्द चुकीचे नाहीत, पण 'उतरता' म्हटलं की काय उतरतंय हे ऐकणारा लगेच विचारतो, आणि तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. (जाता जाता: 'प्रगतिशील' मधला 'शील' आणि 'प्रमाणशीर' मधला 'शीर' एकच नव्हेत. पहिला स्वभाव सांगणारा संस्कृत शब्द, दुसरा 'कायदेशीर', 'पद्धतशीर' मधला प्रत्यय. 'प्रमाणशील' असं लिहिलेलं दिसतं, ते टाळावं.)

आता मुख्य मुद्दा. पावतीवर छापलेला दर हा वस्तूच्या किमतीवरचा दर असतो. 'प्रतिगामी' हे विशेषण त्या दराला लागतच नाही. ते लागतं, भरलेला कर भागिले घरचं उत्पन्न, या भागाकाराला. अंश सगळ्यांसाठी एकाच नियमाने ठरतो, पण छेद घरागणिक बदलतो.

तीन घरं धरू. महिन्याचं उत्पन्न पहिल्याचं 100, दुसऱ्याचं 300, तिसऱ्याचं 1000. गरजेच्या वस्तूंवर ती अनुक्रमे 80, 150 आणि 200 खर्च करतात. श्रीमंत घर चांगल्यातली वस्तू घेतं, थोडी जास्तही घेतं, पण उत्पन्न दहापट झालं म्हणून कुणी दहापट जेवत नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून हेच मांडलं: घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. अर्थशास्त्रात फार थोडे नियम इतक्या ठिकाणी खरे ठरले आहेत.

या वस्तूंवर शेकडा 10 कर लावला. तिघांचा कर होतो 8, 15 आणि 20. रक्कम बघितली तर श्रीमंताने गरिबाच्या अडीचपट भरले, आणि "तेच जास्त भरतात" हा युक्तिवाद इथूनच येतो. उत्पन्नाशी ताडून बघितलं तर गरिबाचे शेकडा 8 गेले, मधल्याचे 5, श्रीमंताचे 2. हा उतार म्हणजेच 'प्रतिगामी'.

पण माझ्या मते खरा फटका या आकड्यांतही पुरता दिसत नाही. गरजा भागवून गरिबाकडे 20 उरत होते. कर भरल्यावर 12 उरले. औषध, शाळा, प्रवास, कर्जाचा हप्ता, अडीअडचण हे सगळं ज्यातून करायचं ती रक्कम एका फटक्यात शेकडा 40 ने घटली. श्रीमंताकडे 800 चे 780 झाले, म्हणजे शेकडा अडीच. एकच दर, पण एका घरात हप्ता थकतो आणि दुसऱ्या घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

"मग गरिबाने खरेदी कमी करावी" हा उपाय इथे चालत नाही, कारण गरजेच्या वस्तूची मागणी ताठर असते. भाव वाढला तरी ती घ्यावीच लागते. म्हणूनच विक्रेता कराचा बहुतेक भार गिऱ्हाइकावर ढकलू शकतो. आणि म्हणूनच सरकारांनाही असा कर सोयीचा वाटतो: वसुली बुडत नाही. ब्रिटिश गणितज्ञ फ्रँक रॅम्झी यांनी 1927 मध्ये गणिताने दाखवलं की बाजारातल्या व्यवहारांची कमीत कमी मोडतोड करून ठरावीक रक्कम उभी करायची, तर ताठर मागणीच्या वस्तूंवर जास्त दर लावावा. गणित बरोबर आहे. पण त्यात सगळी घरं एकसारखी धरलेली असतात, त्यामुळे भार कुणावर पडला हे त्यात दिसत नाही.

'जीवनावश्यक' या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. ॲडम स्मिथ यांनी 1776 मध्ये त्याची व्याख्या जगण्यापुरती ठेवली नव्हती. ज्याच्याशिवाय समाजात वावरताना साध्या माणसालाही लाज वाटेल, तेही आवश्यकच, असं ते म्हणाले. त्यांचं उदाहरण होतं तागाच्या सदऱ्याचं: त्याविना जगता येतं, पण त्यांच्या काळच्या मजुराला त्याशिवाय चारचौघांत जाववत नव्हतं. त्यामुळे करमुक्त वस्तूंची यादी करताना ती फक्त धान्यापाशी थांबली, तर गरिबाच्या खर्चाचा बराचसा भाग करात राहून जातो.

आता नावावरून फसू नये अशा दोन जागा. उत्पन्नावर शेकडा 20 असा एकच दर लावला, पण पहिले 50 माफ केले, तर 100 मिळवणारा 10 भरतो आणि 1000 मिळवणारा 190. म्हणजे शेकडा 10 आणि शेकडा 19. दर एकच असूनही हा कर प्रगतिशील. उलट, छेदात उत्पन्नाऐवजी एकूण खर्च घेतला, तर सगळ्याच वस्तूंवर सारख्या दराने लागणारा विक्रीकर प्रमाणशीर दिसू लागतो, कारण श्रीमंताची बचत हिशेबातून बाहेर पडते. काही अर्थतज्ज्ञ हाच छेद योग्य मानतात: आज वाचवलेलं कधीतरी खर्च होईलच. पण कर फक्त गरजेच्या वस्तूंवर असेल, तर छेद बदलूनही उतार राहतो, कारण श्रीमंताच्या खर्चातही या वस्तूंचा वाटा लहानच असतो. म्हणून "हा कर प्रतिगामी आहे" असं लिहिताना कशाच्या तुलनेत, हे सोबत लिहावं.

मग गरजेच्या वस्तू सरसकट करमुक्त कराव्यात का? वरच्या उदाहरणात तसं केलं तर गरिबाचे 8 वाचतात, पण श्रीमंताचे 20. सरकारने सोडलेल्या 43 पैकी जवळजवळ निम्मी सवलत, ज्याला गरज नव्हती त्या घरात गेली. दुसरा मार्ग असा की कर ठेवायचा आणि प्रत्येक घराला 14 परत द्यायचे. मग गरीब घर 6 ने वर येतं, मधलं 1 ने खाली जातं, श्रीमंत 6 ने. कॅनडात विक्रीकराचा परतावा कमी उत्पन्नाच्या लोकांना याच विचाराने रोख दिला जातो. मात्र हे जमतं ते परतावा वेळेवर, आणि खरोखर त्याच घरात पोचला तरच. ज्याचं नाव कुठल्याच नोंदीत नाही, तो दुकानात कर भरतो आणि परताव्याला मुकतो. अशी घरं जिथे पुष्कळ, तिथे वस्तूच करमुक्त ठेवणं मला जास्त बरोबर वाटतं, सवलतीतला मोठा वाटा श्रीमंताकडे गेला तरी.